समुद्राचं पाणी गोडं करणं कोकणातल्या शहराला का परवडत नाही?

प्रश्न : "आमचं शहर रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राला लागून. पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो, पण मार्च उजाडला की नळाला दिवसाआड पाणी आणि मे महिन्यात टँकर. दहा हजार लिटरच्या टँकरला आम्ही दोन हजार रुपये मोजतो. घरातला आरओ दहा-पंधरा हजारांत मिळतो, मग नगरपरिषदेने तसाच मोठा आरओ समुद्रावर का बसवू नये? आखाती देशांत पाणी उकळून गोडं करतात म्हणे, ते आपल्याला का जमत नाही?"

मी केमिकल इंजिनियर. नोकरीची पहिली वर्षं आखातात ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे पाणी उकळून गोडं करणाऱ्या प्लांटवर गेली. परतल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या कारखान्यांसाठी समुद्राच्या पाण्याचे आरओ प्लांट चालवले. त्यामुळे दोन्ही पद्धतींबद्दल हातचं राखून न ठेवता सांगतो. आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. समुद्राचं पाणी गोडं करता येतं का, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. चेन्नई रोज ते पाणी पिते. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की वर्षातले शंभर दिवस लागणाऱ्या पाण्यासाठी बारा महिने पोसावं लागणारं यंत्र घ्यायचं का. याचं उत्तर तीन-चार गोष्टींवर ठरतं: विजेचा दर, कर्जाचं व्याज, किनाऱ्याजवळच्या पाण्याचा गढूळपणा आणि जवळपास दुसरं कुठलं पाणी आहे का. आकडे मी धरून चाललेले असतील तिथे तसं सांगेन. तुमच्या गावचे आकडे घालून पाहिलेत तर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल.

घरातल्या आरओपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. त्यातला पडदा, ज्याला आम्ही मेंब्रेन म्हणतो, आणि समुद्रावरच्या प्लांटमधला पडदा एकाच जातीचा असतो. पाण्याचा रेणू त्यातून पार होतो, विरघळलेलं मीठ जवळजवळ सगळं अडतं. फरक पडतो दाबाचा. पडद्याच्या एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी ठेवलं, तर गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे सरकतं. ही ओढ किती हे मिठावर अवलंबून असतं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात लिटरला अर्धा-एक ग्रॅम क्षार असतात, तिथे ही ओढ नगण्य असते आणि ओट्याखालचा छोटा पंप पाच-सहा बारवर काम भागवतो. आपल्या समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ते 36 ग्रॅम क्षार असतात आणि ओढ सुमारे 27 बार असते. म्हणजे 27 बार दाब दिलात तर फक्त बरोबरी होते, पाण्याचा थेंबही पलीकडे जात नाही. त्यावर जो दाब द्याल तेवढंच पाणी सुटायला लागतं.

बरं, हे गणित तिथेच थांबत नाही. मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्यातून पाणी पुढे सरकतं तसं त्यातलं गोडं पाणी निघून जातं आणि उरलेलं अधिक खारं होतं. शंभर लिटर समुद्राचं पाणी आत घेऊन चाळीस लिटर गोडं काढलं, तर उरलेल्या साठ लिटरमध्ये सगळं मीठ गोळा होतं, लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास. तिथे ओढ 27 वरून 48 बारपर्यंत चढलेली असते. म्हणून प्लांटचा पंप 55 ते 65 बारवर चालवावा लागतो. साठ बार म्हणजे सहाशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. लोक विचारतात की शंभरातले चाळीसच लिटर का, साठ का नाही? साठ काढले तर उरलेल्या पाण्यात लिटरला नव्वद ग्रॅम मीठ होतं आणि नुसती बरोबरी साधायला 75 बार लागतात. नेहमीची पाइपं आणि मेंब्रेन तेवढ्यासाठी बनवलेलीच नसतात. शिवाय चुना आणि जिप्सम पडद्यावर बसायला लागतात.

आता वीज. हजार लिटर गोड्या पाण्यासाठी अडीच हजार लिटर समुद्राचं पाणी साठ बारला न्यायचं. नुसत्या दाबाचा हिशेब चार युनिटच्या वर जातो, पंप-मोटारची घट धरली की पाच युनिट. पूर्वी हे असंच व्हायचं. पण जे दीड हजार लिटर खारं पाणी, ब्राइन, बाहेर पडतं ते अजून पन्नासेक बार दाबाखालीच असतं. तो दाब वाया न घालवता आत येणाऱ्या ताज्या पाण्याला देणारं एक उपकरण आता प्रत्येक चांगल्या प्लांटमध्ये असतं. त्याला प्रेशर एक्स्चेंजर म्हणतात. त्यातला चिनीमातीसारख्या पदार्थाचा रोटर फिरत असतो. एका बाजूने ब्राइन त्याच्या पोकळ्यांत शिरतं आणि त्याच पोकळीतल्या नव्या पाण्याला ढकलून बाहेर काढतं. दाबाची 95 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा परत मिळते. त्यामुळे पाच युनिटांवरून आपण अडीच युनिटांच्या आत येतो. त्यात समुद्रातून पाणी ओढणं, गाळणं आणि तयार पाणी टाकीत चढवणं यांचं एक युनिट धरा. मोठ्या प्लांटला एकूण साडेतीन, लहान प्लांटला चार युनिट.

हे अजून किती खाली येईल? फार नाही. इतक्या खाऱ्या पाण्यातून इतकं गोडं वेगळं करायला निसर्गनियमाप्रमाणेच किमान एक युनिट लागतं, मग यंत्र कुठलंही असो. नवं मेंब्रेन आलं, वीज निम्म्यावर आली, अशा बातम्या अधूनमधून येतात. पडद्यातला अडथळा कमी करून मिळण्यासारखं जे होतं ते बरंचसं मिळून झालंय. मिठाची ओढ मात्र कुणालाच चुकवता येत नाही.

साडेतीन युनिट ऐकायला थोडे वाटतात, म्हणून उंचीच्या भाषेत सांगतो. तेवढ्या विजेत साधा पंप हजार लिटर पाणी साडेनऊशे मीटर उंच चढवतो. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आत आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून आंबोलीच्या डोक्यावर पाणी नेऊन ओतलं, तरी समुद्राचं पाणी गोडं करण्याएवढी वीज खर्च होत नाही. याचा अर्थ साधा आहे. पन्नास किलोमीटरच्या टापूत कुठेही गोडं पाणी असेल, मग मध्ये डोंगर असला तरी, विजेच्या हिशेबाने तेच स्वस्त.

आणि तुमच्या जिल्ह्यात ते आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे. पोफळीच्या टर्बाइनांतून आणि पुढे कोळकेवाडीतून ते पाणी चिपळूणला वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. 67.5 टीएमसी म्हणजे दिवसाला सरासरी पाचशे कोटी लिटर. मुंबई महापालिका रोज जेवढं पाणी पुरवते त्याहून जास्त. शिवाय हे पाणी पावसाळ्यापुरतं नाही, वीज लागते तेव्हा उन्हाळ्यातही सुटतं. हजार लिटर कोयनेचं पाणी घाट उतरताना आपल्याला सव्वा-दीड युनिट वीज देऊन जातं. तेच हजार लिटर एकदा समुद्रात मिसळले की परत गोडं करायला साडेतीन-चार युनिट लागतात. हा व्यवहार मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आतबट्ट्याचा वाटत आलाय. मान्य आहे, चिपळूणहून तुमच्या शहरापर्यंत पाइपलाइन टाकायला पैसे लागतात, जमीन लागते, वाटेतली गावं आपला वाटा मागतात आणि मागायलाच हवा. पण पाइप एकदा पुरला की पन्नास वर्षं राहतो. मेंब्रेन पाच-सात वर्षांत बदलावी लागते.

आता आखाताबद्दल. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, मीठ भांड्यात राहतं, तत्त्व एवढंच. खर्च उकळण्यात आहे. हजार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 627 युनिट उष्णता लागते. एकदाच उकळून सोडून दिलं तर कुठल्याच देशाला परवडणार नाही. म्हणून तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतात. मी ज्यावर काम केलं त्या प्रकारात समुद्राचं पाणी 110 अंशांपर्यंत दाबाखाली तापवतात आणि एकापुढे एक असलेल्या वीसेक खोल्यांतून सोडतात. प्रत्येक पुढच्या खोलीत हवेचा दाब मागच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो, त्यामुळे आत शिरताक्षणी थोड्या पाण्याची भसकन वाफ होते. ती वाफ वरच्या नळ्यांवर थंड होऊन थेंब होते, आणि त्या नळ्यांतून जात असतं आत येणारं थंड समुद्राचं पाणी. वाफेने सोडलेली उष्णता ते उचलतं आणि तापत तापत हीटरपर्यंत पोचतं. या युक्तीने बाहेरून एक टन वाफ दिली की आठ-दहा टन गोडं पाणी मिळतं.

तरीही हजार लिटरला साठ-सत्तर युनिट उष्णता लागतेच, आणि पाणी फिरवायला तीनेक युनिट वीज वेगळी. कोळशात सांगायचं तर बॉयलर लावून हे करायचं ठरवलं तर आपल्याकडचा कोळसा हजार लिटरला पंधरा-सोळा किलो जाळावा लागेल. आरओची वीज बनवायला अडीच-तीन किलो पुरतो. आखातात हे चालायचं कारण तिथे वीजघर आणि पाणीघर एकाच कुंपणात असतं. टर्बाइनमधून काम करून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ पाण्याच्या प्लांटला मिळते, इंधन घरचं असतं आणि दुसरं पाणी नसतंच. तिथला समुद्रही आपल्यापेक्षा खारट आणि गरम. पाणी उकळण्याच्या पद्धतीला खारटपणाचा फारसा फरक पडत नाही, आरओला पडतो. असं असूनही तिथले नवे प्लांट आता बहुतेक आरओचेच होतात, यातच काय ते आलं. आपल्याकडे कल्पाक्कमला अणुवीज केंद्राच्या वाफेवर भाभा अणुसंशोधन केंद्राने दोन्ही पद्धती जोडलेला प्लांट केला, दिवसाला 63 लाख लिटरचा. तिथे वाफ दाराशी आहे. तुमच्या नगरपरिषदेकडे ती नाही.

ऊर्ध्वपातनाचा एक सुंदर प्रकार लक्षद्वीपला आहे, त्याबद्दलही कोकणात नेहमी विचारतात. कवरत्तीला 2005 मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटरचा प्लांट सुरू केला. त्यात पाणी तापवतच नाहीत. वरचं 28 अंशांचं पाणी जवळजवळ निर्वात टाकीत सोडलं की त्यातलं थोडं तसंच उकळतं, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ थंड करून तिचं पाणी करतात. मग कोकणात का नाही? कारण कवरत्तीला बेटापासून थोडं पुढे गेलं की समुद्राचा तळ खोल कोसळतो. आपल्याकडे उथळ तळ दूरवर पसरलेला आहे. रत्नागिरीपासून तेवढी खोली गाठायला शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आत जावं लागेल. तेवढा पाइप कुणी टाकणार नाही.

तेव्हा आरओ हाच एक पर्याय उरतो. आता पैशाचं गणित मांडतो. पन्नास हजार वस्ती, माणशी शंभर लिटर, म्हणजे दिवसाला पन्नास लाख लिटर. चेन्नईजवळ नेम्मेलीला 2024 मध्ये दिवसाला 15 कोटी लिटरचा दुसरा प्लांट सुरू झाला, त्याला सुमारे दीड हजार कोटी लागले. म्हणजे दर दहा लाख लिटरला दहा कोटी. लहान प्लांट याहून महाग पडतो, कारण समुद्रात टाकायची पाइपलाइन, सबस्टेशन आणि परवानग्या लहान प्लांटलाही तेवढ्याच लागतात. मी बारा कोटी धरतो, एकूण साठ कोटी. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता वर्षाला साडेसहा कोटी. माणसं आणि देखभाल दीड कोटी. हे दोन्ही खर्च प्लांट चालो न चालो, ठरलेले. पाणी काढाल तसा खर्च निराळा: चार युनिट, आठ रुपयांनी 32 रुपये, आणि रसायनं, फिल्टर, मेंब्रेन मिळून दहा रुपये.

वर्षातले 330 दिवस प्लांट चालला तर साडेसोळा लाख घनमीटर पाणी मिळतं. हप्ता हजार लिटरला 40 रुपये, माणसं-देखभाल 9, वर ते 42. एकूण 91 रुपये. पण तुम्हाला पाणी हवंय शंभर दिवस, कारण जूनपासून तुमची धरणं भरतात आणि ते पाणी जवळजवळ फुकट असतं. शंभर दिवसांत पाच लाख घनमीटर पाणी निघतं. आता हप्ताच 130 रुपये पडतो, देखभाल 30, वर 42. एकूण 202 रुपये. तुम्ही टँकरला दहा हजार लिटरचे दोन हजार देता, म्हणजे हजार लिटरला 200. साठ कोटी खर्चून आपण टँकरच्या भावाला येऊन टेकलो! त्यातून गावातल्या जुन्या पाइपांतून पाव पाणी गळत असेल तर नळाला पोचलेलं पाणी 270 रुपयांना पडलं. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. नगरपरिषदेच्या सभेत प्लांट विकायला आलेला माणूस 91 चा आकडा सांगेल, म्हणून 202 कुठून येतो ते माहीत असावं.

अनुदान मिळालं तर हप्ता नाहीसा होतो, हे खरं. मग शंभर दिवसांच्या हिशेबात 72 रुपये उरतात. पण ते सरकारचे म्हणजे तुमचेच साठ कोटी आहेत आणि त्यात दुसरं काय होऊ शकलं असतं हा प्रश्न राहतोच.

चालवतानाच्या अडचणी या आकड्यांत दिसत नाहीत, आणि लहान शहरांचे प्लांट बंद पडतात ते त्यांच्यामुळे. मेंब्रेनला मीठ सोसतं, चिखल आणि शेवाळ सोसत नाही. आपल्या किनाऱ्यावर दर काही मैलांवर खाडी आहे आणि पावसात जांभ्याची लाल माती घेऊन ती समुद्रात उतरते. म्हणून समुद्राचं पाणी मेंब्रेनपर्यंत थेट नेत नाहीत. आधी जाळ्या, मग क्लोरीन, मग फेरिक क्लोराइड टाकून गाळ गोळा करायचा, वाळूच्या किंवा अतिसूक्ष्म फिल्टरमधून गाळायचं, शेवटी पाच मायक्रॉनचे काडतुसासारखे फिल्टर. आणि मेंब्रेनच्या तोंडाशी सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्लोरीन काढून टाकायचा, कारण क्लोरीनने पडदा जळतो. हा डोस देणारा छोटासा पंप रात्रीत बंद पडला आणि कुणी पाहिलं नाही, तर लाखोंची मेंब्रेन निकामी होऊ शकते.

पाणी पुरेसं स्वच्छ आहे का, याची आमची एक साधी चाचणी आहे. 0.45 मायक्रॉनच्या गाळणकागदातून ठरलेल्या दाबाने अर्धा लिटर पाणी जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पाणी पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवायचं आणि पुन्हा अर्धा लिटर मोजायचं. पहिल्यांदा 20 सेकंद आणि नंतर 40 लागले, तर वेग निम्म्याने उतरला. त्या पन्नास टक्क्यांना पंधराने भागायचं, आकडा येतो 3.3. तीनच्या आत असेल तर मेंब्रेन सुखात, पाचच्या वर गेलं तर प्लांट थांबवलेला बरा. कागदाचा रंगही बघावा: लालसर असेल तर माती किंवा आपलंच फेरिक, हिरवट असेल तर शेवाळ. कुठल्याही कंपनीने प्लांटचा प्रस्ताव आणला तर त्यांच्याकडे या चाचणीचे त्याच जागेचे बारा महिन्यांचे आकडे मागा. फक्त जानेवारीतलं निवळशंख पाणी तपासून केलेलं डिझाइन मी पाहिलंय. ऑक्टोबरात समुद्रात शेवाळाची लाट आली तेव्हा त्याचे फिल्टर दिवसाला चारदा धुवावे लागत होते.

बिघाड कुठे आहे हेही आकडेच सांगतात. नळकांड्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढत चालला तर पुढच्या मेंब्रेनवर गाळ किंवा जंतूंचा चिकटा बसतोय. फरक तेवढाच आहे पण पाणी कमी येतंय, तर शेवटच्या मेंब्रेनवर क्षार बसत असतील. आणि गोड्या पाण्याची क्षारता अचानक उडी मारून वाढली तर आधी जोडांतलं रबरी वायसर पाहायचं, नंतर क्लोरीन. हे रोज लिहून ठेवणारा आणि वाचणारा माणूस लागतो. आठ महिने बंद राहणाऱ्या प्लांटवर असा माणूस टिकत नाही, हा माझा अनुभव.

बंद ठेवणं म्हणजे कुलूप लावणंही नाही. मेंब्रेन कोरडी पडून चालत नाही आणि साध्या पाण्यात ठेवली तर त्यात जंतू वाढतात. ती गोड्या पाण्याने धुऊन एक टक्का बायसल्फाइटच्या द्रावणात बुडवून ठेवायची, त्याचा सामू पाहत राहायचा, तीनच्या खाली घसरला की द्रावण बदलायचं. पंप अधूनमधून फिरवायचे. समुद्रातल्या पाइपला आतून शिंपले आणि काकई धरते, ती पाणबुड्या लावून काढायची. आपल्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना तिथे कुणी उतरत नाही, म्हणून हे काम सप्टेंबरनंतर साचून येतं.

ब्राइनचा मुद्दा थोडक्यात. पन्नास लाख लिटर गोड्या पाण्यामागे रोज पंचाहत्तर लाख लिटर, समुद्राच्या पावणेदोन पटीला टेकलेलं खारं पाणी परत टाकायचं असतं. उघड्या समुद्रात, लाटांच्या जागी, बऱ्याच भोकांच्या पाइपमधून सोडलं तर ते लवकर मिसळतं. खाडीत सोडलं तर जड असल्याने तळाशी बसतं, आणि तळाशीच तिसऱ्या आणि मुळे असतात. पैसे वाचवायला खाडीत सोडू म्हणणारा प्रस्ताव आला तर तो तिथल्या तिथे परत पाठवा. आत पाइप नेण्याचा खर्च टाळता येणारा नाही.

मग हे कुणाला परवडतं? ज्याला बारा महिने पाणी लागतं आणि दुसरा स्रोत नाही त्याला. बेटांना परवडतं. पाऊस चुकला की तलाव कोरडे पडणाऱ्या चेन्नईला परवडतं. मुंबईच्या मनोरीच्या प्रस्तावाकडेही मी तसंच बघतो. दिवसाला वीस कोटी लिटर म्हणजे शहराच्या पुरवठ्याचा सुमारे विसावा भाग. तानसा-वैतरणाचं पाणी उताराने चालत येतं, त्याच्याशी दरात त्याची बरोबरी होणारच नाही. पण पाऊस लांबला त्या वर्षी हे वीस कोटी लिटर हुकमी असतील, आणि त्यासाठी किती मोजायचं हा मुंबईने ठरवायचा भाग आहे.

तुमच्या शहराला शंभर दिवसांसाठी पाच लाख घनमीटर साठा हवाय. पाच मीटर खोल आणि दहा हेक्टर पसरलेला तलाव एवढं पाणी धरतो. ऑक्टोबर ते मे बाष्पीभवनात वरचं मीटर-सव्वा मीटर जातं म्हणून तो सहा-सात मीटरचा करावा लागेल. अवघड आहे जांभा: तो चाळणीसारखा पाझरतो, आणि कोकणातले कितीतरी तलाव फेब्रुवारीत तळ दाखवतात ते त्याच्यामुळे. तळाला माती किंवा जाड प्लास्टिकचं अस्तर द्यावं लागतं. ते धरूनही साठ कोटींशी तुलना करायला तज्ज्ञाकडून अंदाजपत्रक काढून घ्या. जागेप्रमाणे आकडा फार बदलतो, म्हणून मी तो इथे ठोकून देत नाही.

आणि आरओ हवाच असेल तर समुद्रापासून शंभर पावलं मागे या. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात त्यांच्या पाण्यात लिटरला तीन-चार ग्रॅम क्षार असतात, समुद्राच्या दहाव्या भागाएवढे. तिथे ओढ तीन बारची, पंप दहा-पंधरा बारचा आणि वीज हजार लिटरला एक युनिटच्या आसपास. विहिरीचं पाणी वाळूतून गाळून आलेलं असल्याने पुढचा फिल्टरांचा पसाराही आटोपशीर असतो. पन्नास हजार लोकांना फक्त पिण्या-स्वयंपाकाचं माणशी दहा लिटर द्यायचं तर पाच लाख लिटर पुरतात. ते चार-पाच विहिरींवर विभागता येतं, वापरायला नेहमीचं दिवसाआडचं पाणी राहतं. अट एकच, उपसा जपून हवा. जास्त ओढलं तर समुद्र विहिरीकडे सरकतो, दर आठवड्याला क्षारता चढत जाते आणि एक दिवस तुमच्या हातात समुद्राचं पाणी आणि मचूळ पाण्याचं यंत्र एवढंच राहतं. म्हणून कोटेशन मागवण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत त्या विहिरींचा आकडा दर रविवारी, भरती आणि ओहोटीला वेगवेगळा, वहीत लिहा. मे अखेरीस तो पाच हजारांच्या, म्हणजे लिटरला पाच ग्रॅमच्या, आत राहिला तर मला कळवा, पुढचं डिझाइन आपण बसून काढू.